नाव एक, फोन दोन

"अमेरिकेहून येतोयस ना, मग फोन घेऊनच ये." हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. आमच्या ताईनेही लेकाला हेच सांगितलं. फोन आला, जिओचं कार्ड टाकलं, चालूही झाला. पण संध्याकाळ झाली की व्हिडिओ कॉल अडकायचा. शेजारीच माझा साधा फोन मात्र त्याच कार्डावर नीट चालायचा. शेवटी भाच्याने मॉडेल नंबर टाकून बँडची यादी काढली. त्यात बँड ४० नव्हताच.

जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. यातला ४० नसेल तर सगळा भार उरलेल्या दोनांवर. गर्दीच्या वेळी फोन रडणारच.

कंपन्या म्हणतील, प्रत्येक देशाचं नेटवर्क वेगळं, आम्ही काय करणार? बँडपुरतं मान्य. चार्जिंगचंही थोडं मान्य. वनप्लस ११ भारतात १०० वॅटचा, अमेरिकेत ८० वॅटचा. तिथल्या घरात वीज ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. कमी व्होल्टवर तेवढीच ताकद काढायची तर चार्जरला जास्त करंट ओढावा लागतो. कारण आहे, ठीक.

पण चिपचं काय? २०२४ चा गॅलेक्सी एस२४ घ्या. त्या वर्षी अमेरिकेत त्यात स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आला, भारतात आणि युरोपात एक्झिनॉस २४००. चिपला ना व्होल्टेज आडवं येतं, ना टॉवर. आपण यूट्यूबवर अमेरिकन माणसाची चाचणी बघतो, बॅटरी किती टिकली, गेममध्ये किती तापला ते ऐकतो आणि दुकानात जाऊन दुसऱ्याच चिपचा फोन घेतो. एक्झिनॉस वाईटच, असं माझं म्हणणं नाही. चाचणी एकाची आणि विक्री दुसऱ्याची, हे मला पटत नाही. आणि त्याच वर्षीच्या एस२४ अल्ट्रात जगभर स्नॅपड्रॅगनच आहे. म्हणजे एकच चिप सगळीकडे देता येते!

माझी मागणी साधी आहे. आतला माल वेगळा असेल तर नाव वेगळं ठेवा. ते जमत नसेल तर जाहिरातीत नावाखालीच, नावाएवढ्याच अक्षरांत चिप, बँड आणि वॅट छापा.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. बाहेरून फोन मागवताना नावावर जाऊ नका, पूर्ण मॉडेल नंबर मागा. एस२४ मध्ये SM-S921U किंवा SM-S921U1 म्हणजे अमेरिकेचा, SM-S921B म्हणजे एक्झिनॉसवाला. मग त्या नंबरच्या यादीत जिओसाठी ४जीचे ३, ५, ४० आणि ५जीचे n28, n78 आहेत का ते बघा. फोन अमेरिकेतल्या एखाद्या नेटवर्क कंपनीला लॉक तर नाही ना, हेही विचारा. पैसे नंतर द्या.

ताईचा फोन आता घरच्या वायफायवर सिनेमे दाखवतो. महागडा टीव्हीच म्हणायचा तो.