नऊ टक्के निर्दोष, अकरा टक्के दोषी?

उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ असेल तर मधुमेह, १२५ असेल तर नाही. ही रेघ रुग्णांना मनमानी वाटते. पण तिच्यामागे आधार आहे. १९९७मध्ये अमेरिकी मधुमेह संघटनेने ती १४०वरून खाली आणली, कारण साधारण त्या पातळीपासून डोळ्यांच्या पडद्याचे विकार वाढताना दिसत होते. तरीही लक्षणे नसतील तर काठावरच्या एका आकड्यावर निदान होत नाही. तपासणी पुन्हा करतात.

संशोधन प्रबंधांना लावलेल्या दहा टक्क्यांच्या रेघेला असा आधार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत पहिला स्तर. यात विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. साठपर्यंत दुसरा स्तर, म्हणजे वर्षभर प्रबंध देण्यास बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. पुण्यातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला म्हणूनच शेवटच्या महिन्यांत निष्कर्षांपेक्षा या टक्क्याची काळजी अधिक असते.

गंमत अशी, की याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणे अशी आहे. संगणक मात्र तेवढे शब्द जुळवतो. ते कोणाचे, कुठे आले, श्रेय दिले की नाही, हे त्याला कळत नाही.

समजा, एका वैद्यकीय महाविद्यालयातील वीस हजार शब्दांच्या प्रबंधात अकरा टक्के, म्हणजे २,२०० शब्द जुळले. त्यांतले १,४०० कार्यपद्धतीच्या प्रकरणात आहेत: रुग्णाच्या संमतिपत्राचा मजकूर, आजाराचे प्रमाणित निकष, संख्याशास्त्रीय चाचण्यांची नेहमीची वाक्ये. ५०० शब्द पाच-सात शब्दांच्या तुकड्यांत विखुरलेले आहेत. उरलेला ३०० शब्दांचा एक परिच्छेद संदर्भ देऊन, पण अवतरणचिन्हांशिवाय घेतला आहे. दुसरा प्रबंध तेवढ्याच लांबीचा, साम्य नऊ टक्के, म्हणजे १,८०० शब्द. पण त्यांतले १,५०० चर्चेच्या प्रकरणात सलग आहेत, कोणाच्या तरी जुन्या प्रबंधातून उचललेले. संशोधकाने आपल्या निष्कर्षांचा अर्थ स्वतः लावायचा तो याच प्रकरणात. टक्केवारीने पहिला अडकतो, दुसरा सुटतो.

शिवाय हा आकडा स्थिर नाही. विनियमांनी सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाचे साम्य वगळायला सांगितले आहे. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित समीकरणे हेही वगळायचे आहे. पहिल्या प्रबंधातील ते विखुरलेले ५०० शब्द वगळले, की अकराचे साडेआठ टक्के होतात आणि विद्यार्थी दंडाच्या बाहेर येतो. प्रबंधाचा एक शब्दही बदललेला नसतो. उलट, आधीचा मसुदा तपासताना यंत्रणेच्या साठ्यात राहिला असेल, तर प्रबंध स्वतःशीच जुळतो आणि आकडा फुगतो.

मग आठ ते पंधरा टक्क्यांच्या पट्ट्यात समितीने काय करावे? आधी अहवाल कोणत्या सेटिंगवर काढला ते पाहावे आणि नियमानुसार वगळायचे ते वगळून पुन्हा काढावा. मग एकूण आकडा बाजूला ठेवून सर्वांत मोठे सलग जुळलेले भाग मूळ मजकुराशेजारी ठेवून वाचावेत. वीस स्रोतांतून प्रत्येकी अर्धा टक्का आणि एकाच स्रोतातून दहा टक्के, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाग कोणत्या प्रकरणातला आहे हे पाहावे आणि विद्यार्थ्याला विचारावे. गैरवर्तन निःसंशय सिद्ध झाल्यावर आणि बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्यावरच दंड करावा, असे विनियमही सांगतात. विभागीय समितीत विभागाबाहेरचा ज्येष्ठ प्राध्यापक असतो, तो नुसत्या सहीसाठी नसावा.

अशा वाचनानंतर पहिल्या विद्यार्थ्याला एक परिच्छेद नीट करायला सांगणे पुरेसे ठरेल. दुसऱ्याचा आकडा दहाच्या आत असल्याने दंडाचा तक्ता त्याला लागू होत नाही. पण प्रबंध वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाला द्यावे लागते. ते १,५०० शब्द समोर दिसत असताना त्याने सही करू नये, चर्चेचे प्रकरण नव्याने लिहून घ्यावे.

कमी आकड्याची आणखी एक अडचण मराठी प्रबंधांत आहे. इंग्रजी पुस्तकातील प्रकरण जसेच्या तसे मराठीत उतरवले, तर शब्द जुळवणाऱ्या यंत्रणेला ते सहसा दिसत नाही आणि अहवाल दोन टक्के दाखवू शकतो. तो विषय जाणणाऱ्या परीक्षकाला मात्र वाक्यरचनेवरून आणि उदाहरणांच्या क्रमावरून शंका येते. आकडा कमी आहे म्हणून ती शंका समितीने फाइलबंद करू नये. मूळ पुस्तक मागवून पानाशेजारी पान ठेवून पाहावे आणि काय आढळले ते टिपणात लिहावे.