सिकलसेलच्या मुलाला ताप आला, तर सकाळपर्यंत का थांबायचं नाही?

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे अनेक रुग्ण आहेत. या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी प्लीहेत, म्हणजे पाणथरीत अडकतात आणि लहानपणीच ती निकामी होते. रक्तातले जंतू गाळणारी चाळणीच राहत नाही. ऑपरेशन करून प्लीहा काढलेल्यांनाही हाच धोका असतो.

सर्वात मोठी भीती न्यूमोकोकस या जिवाणूची. म्हणून सिकलसेलच्या बाळांना साधारण दोन-तीन महिन्यांपासून पेनिसिलिन देतात: तीन वर्षांपर्यंत 125 मिलिग्रॅम आणि पुढे किमान पाच वर्षांपर्यंत 250 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. 1986 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यामुळे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी झाले. पण शून्य झाले नाहीत. डोस चुकतात, काही जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नाहीत.

समजा, दोन वर्षांच्या मुलीला रात्री अकरा वाजता 101.5 फॅरनहाइट ताप आहे. पॅरासिटामॉल दिल्यावर ताप उतरतो, ती खेळू लागते. घरचे निर्धास्त होतात. पण औषधाने फक्त ताप उतरला, जिवाणू रक्तात वाढतच असू शकतात. काही तासांत जीवावर बेतू शकतं.

त्यामुळे ताप 101 च्या वर गेला की लगेच हॉस्पिटल गाठा. रोजच्या पेनिसिलिनचा डोस वाढवून घरी थांबू नका. पोहोचताच ‘सिकलसेल आहे’ किंवा ‘प्लीहा काढली आहे’ हे आधी सांगा. तिथे ब्लड कल्चरसाठी रक्त घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन सुरू करतात. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर तेही सांगा.