अ‍ॅक्युरसी नव्वद टक्के, पण फवारा कुठे पडला?

फक्त तणावर औषध मारणारी यंत्रं बनवणारी ब्लू रिव्हर ही अमेरिकन कंपनी जॉन डिअरने २०१७ साली विकत घेतली. त्यांचे व्हिडिओ पाहूनच आमच्या ग्रुपला हा चस्का लागला. प्रोजेक्टच्या पहिल्या प्रेझेंटेशनला प्रश्न आला, "अ‍ॅक्युरसी किती?" आम्ही छाती फुगवून सांगितलं, नव्वद टक्के! फवारा तणापासून किती लांब पडतो, हे कोणीच विचारलं नाही. माझ्या मते खरे मार्क तिथेच द्यायला हवेत.

मोऱ्याला एका काकांनी भातानंतर ओळीत वाल पेरला होता. तिथे गाडा नेला. टाकीत औषधाऐवजी नीळ घातलेलं पाणी. कॅमेऱ्याने तण ओळखलं, नोझल उडालं आणि तण कोरडंच! निळं झालं ते पुढचं वालाचं रोप. काका म्हणाले, "पोरांनो, औषध असतं तर माझा वाल गेला असता की रे!"

गडबड साधी होती. कॅमेरा नोझलच्या ४० सेंमी पुढे, वेग सेकंदाला ५० सेंमी. म्हणून तण दिसल्यावर आम्ही ८०० मिलिसेकंद थांबायचो. पण प्रोग्रॅमला तण "दिसतं" तोवर फोटो निघून २०० मिलिसेकंद झालेले असतात. व्हॉल्व्ह उघडून थेंब जमिनीवर पोचायला आणखी ६०. एकूण उशीर २६०, म्हणजे चक्क १३ सेंमी!

मग थांबायचा वेळ ५४० केला. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये नेम अचूक! शेतात मात्र बॅटरी उतरली, वेग ४० सेंमीवर आला आणि फवारा ८ सेंमी अलीकडे पडला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की वेळ नाही, अंतर मोजायला हवं. मोटर नसलेल्या चाकाला एन्कोडर लावला, कारण मोटरचं चाक चिखलात जागीच फिरतं. फोटो निघाला त्या क्षणीचं अंतर नोंदवायचं आणि तिथून ४० सेंमीला थोडं कमी असताना व्हॉल्व्ह उघडायचा. किती कमी? ६० मिलिसेकंदांत गाडा जेवढा सरकतो तेवढं. ५० सेंमी वेगाला ते ३ सेंमी, म्हणजे ३७ वर उघडायचा.

पुढच्या बॅचला एक सांगणं. रद्दी पेपर अंथरा, त्यावर हिरवे ठिपके चिकटवा आणि तीन वेगांना गाडा चालवा. चूक वेगाबरोबर वाढली तर उशीर चुकीचा धरलाय. सगळ्या वेगांना सारखीच राहिली तर कॅमेरा-नोझल अंतर चुकलंय. एकाच वेगाला कधी पुढे, कधी मागे पडत असेल, तर फ्रेमला लागणारा वेळच बदलतोय. तिथे आधी अंतर फोटो निघाल्याच क्षणी नोंदलं जातंय ना ते बघा; नाहीच जमलं तर व्हॉल्व्ह जरा आधी उघडून उशिरा बंद करा. पाणी जास्त जातं, पण तण सुटत नाही.

म्हणून सरांना विनंती, व्हायव्हात टक्के विचाराच, पण निळे डाग पडलेला तो पेपरही टेबलावर मागा. त्याला थापा मारता येत नाहीत!