मंगळ, गुरू, रवी

अकलूजमधल्या दुकानदाराला किंवा शिक्षकाला आठवड्यात तीनच सकाळी मोकळ्या मिळत असतील, तर मंगळवार, गुरुवार आणि रविवार धरावेत, कारण दोन धावांमध्ये निदान एक दिवस विश्रांतीचा हवाच. समजा, तो दहा किलोमीटर तासाभरात धावतो. मंगळवारी दीड किलोमीटर सावकाश धावून अंग गरम करायचं, मग एकेक किलोमीटर पावणेसहा ते सहा मिनिटांत, असं चारदा. मध्ये दोन मिनिटं चालायचं आणि शेवटी पुन्हा दीड किलोमीटर सावकाश. चौथा किलोमीटर पहिल्यापेक्षा बराच मागे पडला, तर सुरुवात जास्त वेगात झाली. रविवारी दहा किलोमीटर. दर आठवड्याला एक वाढवायचा, चौथ्या आठवड्यात उतरायचं. गाळप हंगामात शंकरनगरच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर लागतात, म्हणून तो रस्ता टाळलेलाच बरा. खरी गडबड होते ती गुरुवारी. पाच किलोमीटर, किलोमीटरला सात-सव्वासात मिनिटं, हे इतकं हळू वाटतं की माणूस नकळत वेग वाढवतो, पाय मोकळे होत नाहीत आणि रविवारी सहाव्या-सातव्या किलोमीटरलाच पोटऱ्या भरून येतात. सोबत्याशी पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं, तरच वेग बरोबर. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर घड्याळापेक्षा हीच खूण मानावी. मंगळवार हुकला, तर तो बुधवारी भरून काढू नये; गुरुवारची हलकी धाव तेवढी घ्यावी.