व्याजदराचा फटका : बाजाराला तासात, उद्योगाला तिमाहीत

बुटीबोरी (प्रतिनिधी) - रिझर्व्ह बँकेच्या व्याजदरवाढीने मुंबईचा बाजार त्याच दिवशी हादरतो. बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाला मात्र तिची झळ उशिरा पोहोचते आणि दीर्घकाळ जाणवते. २०२२ चा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

त्या वर्षी मार्चमधील किरकोळ महागाईचा दर ६.९५ टक्के, म्हणजे ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला. नियोजित बैठकीची वाट न पाहता बँकेने ४ मे रोजी रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला. 'सेन्सेक्स' १,३०६ अंकांनी कोसळला. सरकारी रोखेही घसरले; कारण नव्या रोख्यांवर अधिक व्याज मिळणार असेल, तर जुने रोखे स्वस्तातच विकावे लागतात. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा पाव टक्क्याने वाढला, तर शंभर रुपयांमागे किंमत सुमारे पावणेदोन रुपयांनी उतरते.

दरवाढीने रुपया सावरायला हवा होता. परंतु त्याच दिवशी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनेही दर अर्ध्या टक्क्याने वाढविला. डॉलरची ओढ कायम राहिली आणि ऑक्टोबरमध्ये डॉलरने ८३ रुपयांची पातळी ओलांडली. आयात कच्चा माल त्यामुळे महागला.

लघुउद्योगांची बदलत्या व्याजदराची नवी बँक कर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली असून, त्यांचा व्याजदर किमान दर तीन महिन्यांनी बदलतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० टक्क्यांवर गेला. रेपोशी जोडलेल्या एक कोटीच्या कॅश क्रेडिटवर त्यामुळे वर्षाला अडीच लाख रुपयांचा जादा बोजा पडला. त्यामुळे उद्योजकाने दरनिर्णयासोबतच आपल्या कर्जाच्या दरबदलाची तारीखही लक्षात ठेवणे हिताचे.