हप्त्याची खरी कसोटी

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. म्हणजे व्याज दोन टक्क्यांनी वाढणे ही कल्पना नव्हे, अनुभव आहे. त्यात उत्पन्न दहा टक्क्यांनी घटले तर?

हातात 85,000 रुपये येणाऱ्या कुटुंबाचे 40 लाखांचे, वीस वर्षांचे, साडेआठ टक्क्यांचे गृहकर्ज घ्या. हप्ता सुमारे 34,700. घर चालवायला 50,300 उरतात. दर साडेदहा झाला की हप्ता 39,900 होतो, पगार 76,500 वर येतो आणि हाती उरतात जेमतेम 36,600. निम्म्याहून अधिक पगार बँकेचा.

‘हप्ता तोच ठेवा, मुदत वाढवा’ हा मार्गही इथे बंद आहे. साडेदहा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच 35,000 होते; जुन्या हप्त्यात तेही भागत नाही, मुद्दल उलट वाढते. असे होऊ देऊ नका, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना बजावले, ते योग्यच. पण मंजुरीच्या वेळीच ही कसोटी लावून तिचे आकडे कर्जदाराला लेखी द्यायला हवेत. घटलेल्या पगाराच्या चाळीस टक्क्यांत हप्ता बसवायचा, तर या कुटुंबाला साडेतीस लाखांहून अधिक कर्ज झेपत नाही.