आत कोण बसलंय?

जून उजाडला की कल्याण-डोंबिवलीतल्या सेवा केंद्रांवर उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी रांगा लागतात. समजा, अशा एका केंद्रात अकरा चाळीसला लाईट गेली. अर्धा भरलेला अर्ज, ब्राउझर, संगणक सगळंच बंद. सहा मिनिटांनी लाईट आली, चालकाने पुन्हा लॉगिन केलं आणि पोर्टल म्हणालं, User already logged in. केंद्राचा आयडी एकच, त्यामुळे रांग जागच्या जागी थांबली. आत बसलेला तो माणूस म्हणजे स्वतः चालकच, सहा मिनिटांपूर्वीचा.

सर्व्हरला लाईट गेल्याचं कळतच नाही. पान मागितलं, पान दिलं, की त्याच्या लेखी संबंध संपला. माणूस अजून समोर आहे की उठून गेला, हे ओळखायचं साधन एकच, शेवटची विनंती कधी आली ती वेळ. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत आत येण्याची नोंद पडावी आणि बाहेर जाण्याची राहावी, तशी ही गत. म्हणून प्रत्येक सेशनला मुदत असते. जावाच्या टॉमकॅट सर्व्हरवर ती न बदलल्यास ३० मिनिटं, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २०. पोर्टलने ३० ठेवली असेल, तर आपल्या चालकाला बारा दहानंतर आत जाता यायला हवं.

तोवर तो काय करतो? कोणीतरी सांगितलेलं असतं म्हणून कॅशे आणि कुकी साफ करतो. ही सगळ्यात वाईट सूचना. अडवणूक सर्व्हरवर, खात्याच्या नावाने झालेली असते. कुकी ही उलट त्या जुन्या सेशनची आपल्याकडची एकमेव किल्ली. इन्कॉग्निटो खिडकी किंवा शेजारचा संगणकही याच कारणाने कामाचा नाही. नुसता टॅब बंद झाला असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून तो परत उघडावा. ब्राउझरच कोसळला असेल, तर क्रोम पुन्हा उघडताना Restore विचारतो, त्याला आधी हो म्हणावं. त्याबरोबर जुनी कुकीही बहुधा परत येते. आत पोचल्यावर रीतसर लॉगआउट करावं आणि मग नव्याने लॉगिन. किल्ली गेलीच असेल, तर मुदत संपेपर्यंत थांबणं आलं.

पण काही जुन्या पोर्टलांत बारा दहा वाजतात, दोन वाजतात, दुसरा दिवस उजाडतो, तरी निरोप तोच. इथे दुखणं वेगळं आहे. लॉगिन होताच डेटाबेसमध्ये त्या खात्यासमोर ‘आत आहे’ अशी खूण पडते आणि ती पुसण्याचं काम फक्त लॉगआउटच्या बटणाला दिलेलं असतं. मुदत संपून सेशन मेलं, तरी खूण जिवंत. जावातल्या स्प्रिंग सिक्युरिटीत तर हा खड्डा दस्तऐवजात लिहून ठेवलेला आहे. एका खात्याला एकच सेशन असं बंधन घातलं, नव्या लॉगिनला अडवायचं ठरवलं आणि `HttpSessionEventPublisher` जोडायचं राहिलं, तर सेशन संपल्याची खबर नोंदवहीपर्यंत पोचत नाही आणि वापरकर्ता पुन्हा कधीच आत येऊ शकत नाही. राहिलेल्या त्या एका जोडणीपायी चालक मदतकेंद्राला फोन लावत बसतो. त्याने आपल्या बाजूने काहीही केलं तरी उपयोग नाही. खूण तिकडच्या माणसालाच काढावी लागते. मुदतीच्या दुप्पट वेळ थांबूनही तोच निरोप आला, तर दुखणं हेच समजावं आणि तक्रारीत खात्याचा आयडी, शेवटच्या लॉगिनची वेळ आणि ‘जुनं सेशन बंद करा’ एवढंच नेमकं लिहावं. नाहीतर उत्तर येईल, कॅशे साफ करा.

ही अडवणूक सुरक्षेसाठी आहे, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. उद्या पासवर्ड चोराच्या हाती लागला आणि तो आधी आत शिरला, तर ही व्यवस्था कोणाला बाहेर ठेवते? खातेदाराला. चोर निवांत आत, आणि मालकाला लॉगआउट करायलाही जागा नाही. दोन सेशन नकोच असतील, तर जुनं मोडून नव्याला आत घ्यावं. आयकराचं पोर्टल तेच करतं. Dual Login Detected असं सांगून Login Here चं बटण देतं. ते दाबलं की जुनं सेशन संपतं. जिथे धोका जास्त, तिथे त्या बटणाआधी ओटीपी मागा. स्प्रिंगमध्येसुद्धा `maxSessionsPreventsLogin` मुद्दाम `true` केल्याशिवाय नव्याला अडवलं जात नाही, जुन्यालाच काढलं जातं. म्हणजे नव्याला दारात उभं ठेवण्याचा निर्णय कोणीतरी विचारपूर्वक, किंवा विचार न करता, घेतलेला असतो.

महापालिका असो की जिल्हा कार्यालय, नवं पोर्टल ठेकेदाराकडून ताब्यात घेताना एक चाचणी करून पाहावी. लॉगिन करून अर्ज अर्धा भरायचा, संगणकाचा प्लग ओढायचा, आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच खात्याने आत जाऊन दाखवायला सांगायचं. बिल त्यानंतर.